एसआरएसचा रिव्ह्यू आणि झाकलेली मूठ

तर तुमच्याकडे मेल आलाय. सोबत ८४ पानांची एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं त्याचा कागद, आणि खाली लिहिलंय "प्लीज रिव्ह्यू बाय ईओडी". घाबरू नका. मी बारा वर्षं हेच करतोय आणि इतक्या वर्षांत एकाही डॉक्युमेंटला साधा ओरखडा न येऊ देता पुढे कसं पाठवायचं याचं शास्त्र मला पक्कं जमलंय, तेच आज तुम्हाला फुकट देतो.

उदाहरण आमच्याच एका प्रोजेक्टचं घेऊ. एका ट्रॅव्हल्सवाल्या शेठना ऑनलाईन बुकिंग हवं होतं. बोरिवलीहून रात्री ८ ला बस निघते, पनवेलला १० ला, वाकडला रात्री सव्वाबाराला, सकाळी कोल्हापूर. साधं काम. तिकीट काढा, पैसे भरा, नको असेल तर कॅन्सल करा. यात चुकण्यासारखं आहे काय?

पहिला नियम, डॉक्युमेंट पहिल्या पानापासून सुरू करून ओळीने वाचायचं, कादंबरी वाचतो तसं, आणि मागे वळून अजिबात बघायचं नाही. कलम ४.२ मध्ये लिहिलंय की प्रवासी बस सुटण्याच्या ४ तास आधीपर्यंत तिकीट कॅन्सल करू शकेल. छान, प्रवाशाची सोय. पुढे तीसेक पानांनंतर ७.५ मध्ये लिहिलंय की बस सुटण्याच्या ६ तास आधी सीट चार्ट लॉक होईल आणि नंतर त्यात कोणताही बदल होणार नाही. हेही छान, ऑपरेटरची सोय. दोन्ही वाक्यं आपापल्या पानावर अगदी सुखात नांदतायत, कशाला त्यांची गाठ घालून द्यायची?

आमच्याकडची टेस्टर मात्र नतद्रष्ट. तिने काय केलं, कंट्रोल-एफ दाबून "कॅन्सल" शब्द आख्ख्या डॉक्युमेंटमध्ये शोधला, जिथे जिथे सापडला ती सगळी वाक्यं एका कागदावर एकाखाली एक उतरवली, मग "सीट चार्ट"ची तशीच उतरवली, आणि खाली एक आडवी रेघ मारून त्यावर दुपारी १२ ते रात्री १२ अशी वेळ लिहिली. मग मला विचारते, "बोरिवलीचा प्रवासी आहे, त्याने दुपारी ३ ला कॅन्सल दाबलं. ४.२ म्हणतं होईल, ७.५ म्हणतं चार्ट २ लाच लॉक झाला. मी टेस्ट केसमध्ये अपेक्षित निकाल काय लिहू?"

म्हटलं, तुला काय वाटतं ते लिही.

म्हणजे बघा, वीस मिनिटांचं काम आणि त्यात दोन ते चार असा दोन तासांचा खड्डा तिने उघडा पाडला. असली माणसं टीममध्ये असतील तर त्यांना रिव्ह्यूच्या वेळी दुसऱ्या प्रोजेक्टच्या कॉलला बसवा. टेस्टरला डॉक्युमेंट द्यायचंच नाही, कोड तयार झाल्यावर द्यायचं, हीच आपली परंपरा आहे आणि ती जपली पाहिजे.

बरं, तिचं तेवढ्यावर भागलं नाही. "बस सुटण्याच्या म्हणजे कुठून सुटण्याच्या?" हा पुढचा प्रश्न. आता हा काय प्रश्न झाला? बस सुटते म्हणजे सुटते. पण तिने रेघेवर अजून दोन खुणा केल्या. पनवेलवाल्याची बस १० ला, म्हणजे त्याला ६ वाजेपर्यंत कॅन्सल करता येईल. वाकडवाल्याची सव्वाबाराला, म्हणजे त्याला रात्री सव्वाआठपर्यंत. आणि बोरिवलीहून बस तर ८ लाच निघाली. म्हणजे बस हायवेला लागलीय, ड्रायव्हरच्या हातात छापील चार्ट आहे, आणि वाकडचे काका घरी बसून ८ वाजून १० मिनिटांनी आरामात तिकीट कॅन्सल करून पूर्ण रिफंड घेतायत. बरोबर आहे का हे? डॉक्युमेंटप्रमाणे बरोबरही आहे आणि चूकही, कारण "सुटणे" या शब्दाची व्याख्या शब्दसूचीत नाहीच. तिथे "बस" म्हणजे काय ते मात्र दिलंय.

आणि त्याच वाकडच्या काकांच्या तिकिटावर तारीख कुठली छापायची, बस बोरिवलीहून निघाली ती की काका चढणार ती? शुक्रवारी रात्री सव्वाबारा म्हणजे शनिवार उजाडलेला असतो, आणि अशा तिकिटावर एक दिवस उशिरा येऊन स्टॉपवर बॅग घेऊन उभी राहिलेली माणसं मी स्वतः पाहिलीयत. हा मुद्दा रिव्ह्यूत काढायचा नाही. तो काकांना काढू द्या.

दुसरा नियम, विशेषणांवर प्रेम करा. आमच्या डॉक्युमेंटमध्ये होतं, "सिस्टिम वेगवान व वापरण्यास सुलभ असावी तसेच जास्त गर्दीच्या वेळी योग्य प्रतिसाद द्यावा." काय वाक्य आहे! कोण नाही म्हणेल? याच्यावर कुणीही सही करेल, आणि खरी गंमत म्हणजे हे वाक्य कधीच नापास होऊ शकत नाही, कारण नापास कशाला म्हणायचं तेच कुठे लिहिलेलं नाही. शेठ म्हणणार स्लो आहे, आपण म्हणणार वेगवान आहे, आणि शेवटी बिल ज्याचं अडकलंय तो हरणार. वेगवान, सुलभ, योग्य, शक्यतो, आवश्यकतेनुसार आणि सगळ्यांचा बाप "इत्यादी", हे शब्द दिसले की खाली रेघ मारू नका, डोळे मिटून पुढे जा.

टेस्टरने इथेही घाण केलीच. म्हणे, कुठली टेस्ट केली की हे वाक्य नापास होईल ते सांगा, नाहीतर वाक्य बदला. मग शेठना फोन लावून विचारलं की मागच्या दिवाळीत सगळ्यात जास्त गर्दीच्या तासाला किती चौकशा आल्या होत्या. शेठकडे वही होती! वहीतून आकडा निघाला, त्याच्यावर थोडी वाढ धरली आणि वाक्य असं झालं की एकाच वेळी २००० जण बस शोधत असताना १०० पैकी निदान ९५ वेळा यादी ३ सेकंदांत दिसली पाहिजे. "सुलभ"चं काय केलं, तर पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्या १० पैकी ८ जणांना कुणाला न विचारता ५ मिनिटांत तिकीट काढता आलं पाहिजे. वाक्याची सगळी शोभा गेली. आणि आता ते नापास होऊ शकतं, म्हणजे आपण पकडले जाऊ शकतो. हे कुणाला हवंय?

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. जे लिहिलंय तेवढंच वाचा, जे लिहिलेलं नाही ते वाचायला तुम्ही काय ज्योतिषी आहात? पेमेंटचं कलम बघा, "सीट निवडल्यावर १० मिनिटे होल्डवर राहील. पेमेंट यशस्वी झाल्यास तिकीट द्यावे, अयशस्वी झाल्यास सीट मोकळी करावी." यशस्वी आणि अयशस्वी, आणखी काय असतं जगात? असतं. यूपीआयवाल्या प्रत्येकाला माहितीय, पैसे खात्यातून गेलेत आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय.

आमच्या टीममध्ये एकाला तक्ते करायची खोड आहे. त्याने डाव्या बाजूला सीटच्या अवस्था लिहिल्या, मोकळी, होल्डवर, बुक, कॅन्सल. वरती घडणाऱ्या गोष्टी लिहिल्या, पेमेंट आलं, पेमेंट फसलं, १० मिनिटं संपली, प्रवाशाने कॅन्सल केलं, बसच रद्द झाली. चार गुणिले पाच, वीस घरं. मग प्रत्येक घरात डॉक्युमेंटमधल्या कलमाचा नंबर लिहीत गेला आणि भरली किती, तर सहा. बाकीच्या चौदांपैकी काही घरांत "हे होऊच शकत नाही" असं लिहून चालतं, पण ते कुणीतरी विचार करून लिहावं लागतं, तिथेच तर पंचाईत आहे.

"मोकळी" आणि "पेमेंट आलं" या घरावर मी हसलो होतो. म्हटलं, सीट मोकळी असताना तिचं पेमेंट येईलच कसं? मग त्याने वेळ मांडून दाखवली. नऊ वाजता सीट होल्ड झाली. ९ वाजून ९ मिनिटं ५० सेकंदांनी प्रवाशाने यूपीआय पिन टाकला. ९:१० ला होल्ड संपला, सीट मोकळी. २० सेकंदांनी बँकेचं उत्तर आलं, पेमेंट यशस्वी. आणि मधल्या वेळात कोल्हापूरच्या एका आजींच्या नातवाने तीच सीट होल्ड करून टाकली असेल तर? पैसे एकाचे गेले, सीट दुसऱ्याची. आता पहिल्याला दुसरी सीट द्यायची, की रिफंड आपोआप करायचा, आणि बस भरलेली असेल तर त्याला हे सांगायचं कुणी, हे ठरवायचा हक्क शेठचा आहे. पण डॉक्युमेंटमध्ये नसेल तर तो हक्क आपसूक त्या डेव्हलपरकडे जातो जो रात्री अकराला तो इफ-एल्स लिहीत बसलाय आणि ज्याला घरी जायचंय. "बस रद्द झाली" हा आख्खा कॉलम रिकामा होता हे तर मी बोलतच नाही. पावसाळ्यात घाटात दरड काही दरवर्षी कोसळत नाही. कोसळते म्हणा.

मीटिंगविषयी एक इशारा देऊन ठेवतो. १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगन नावाच्या माणसाने डिझाईन आणि कोड तपासायची एक पद्धत छापली, पुढे लोकांनी ती रिक्वायरमेंटलाही लावली. त्यात सगळ्यांनी आधी घरचा अभ्यास करून यायचं, आणि मीटिंगमध्ये लिहिणाऱ्याने स्वतः नाही, तर दुसऱ्याच कुणीतरी प्रत्येक कलम आपल्या शब्दांत सांगायचं. फार वाईट पद्धत. एखाद्याला "सुटण्याच्या ४ तास आधी" आपल्या शब्दांत सांगायला लावा, तो पहिल्या वाक्यातच अडखळतो, आणि लिहिणारा लगेच म्हणतो "तसं नाही, मला म्हणायचं होतं की". झालं, मूठ उघडली. त्यापेक्षा शुक्रवारी साडेपाचला मीटिंग ठेवा, लिहिणाऱ्यालाच स्क्रीन शेअर करू द्या, तो भराभर स्क्रोल करेल, दर दहा पानांनी "एनी कमेंट्स?" विचारेल, आणि सगळे म्यूटवर असतील.

आमच्या त्या प्रोजेक्टमध्ये टेस्टरने एकूण ३१ प्रश्न काढले होते. मॅनेजर म्हणाले डेव्हलपमेंट सोमवारी सुरू होतंय, आता हे शेठना विचारलं तर आपली इमेज काय राहील. मग आम्ही ती एक्सेल शीट "फेज टू" नावाच्या फोल्डरमध्ये अगदी प्रेमाने ठेवून दिली आणि मेलला रिप्लाय टाकला, "रिव्ह्यूड, नो मेजर कमेंट्स". लाईव्ह गेल्यावर नवव्या दिवशी शेठचा फोन आला, "अहो साहेब, वाकडचा माणूस गाडी सुटल्यावर तिकीट कॅन्सल करतोय आणि तुमचं सॉफ्टवेअर त्याला पैसे परत देतंय, हे कुठं लिहिलंय?"

४.२ मध्ये लिहिलंय. होऊ नये असंही लिहिलंय, ७.५ मध्ये. खाली सही माझी आहे.