उद्यापर्यंत सादर झालेली फाइल

मार्चअखेरची संध्याकाळ. पावणेसात वाजले होते, डब्याची पिशवी खांद्याला लागली होती आणि जाता जाता मी गिऱ्हाइकाला मेल टाकला : "द फाइल हॅज बीन सेंड. रिमेनिंग डॉक्युमेंट्स वॉज सबमिटेड बाय टुमॉरो." साहेब सीसीत.

पाचव्या मिनिटाला उत्तर आलं : "हू इज टुमॉरो?"

मला काही कळेना. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना दाखवलं. त्या इथे येण्याआधी बारा वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेत होत्या. त्यांनी स्क्रीन वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. म्हणाल्या, "आधी सांगा, तुम्ही पॅसिव्हमध्ये शिरलात कशाला? 'आय हॅव सेंट' म्हणायला काय झालं होतं?"

आता हे त्यांना कसं सांगणार? 'आय' म्हटलं की मी सापडतो. पॅसिव्हमध्ये फाइल आपोआप गेल्यासारखी वाटते, कोणी पाठवली, पाठवली की नाही, याची चौकशी होत नाही. आपल्या नेहमीच्या कर्मणी प्रयोगात ही सोय नाही. 'रामाने आंबा खाल्ला' यात क्रियापद आंब्याच्या मागे जातं खरं, पण राम 'ने' लावून तिथेच बसलेला असतो, तोंड पुसत.

"बसा," मॅडम म्हणाल्या. मी पिशवीसकट बसलो.

पहिली चूक सेंडची. बीनच्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप लागतं आणि सेंडचं तिसरं रूप सेंट. पण बोलताना शेवटच्या ड आणि टकडे कोण लक्ष देतो? संगणकही लाल रेघ मारत नाही, कारण सेंड हा शब्द त्याच्या मते धडधाकट आहे. मॅडमनी युक्ती सांगितली : शंका आली की त्या जागी ब्रेक घालून बघायचं. "द कप हॅज बीन ब्रेक" म्हटल्याबरोबर कानाला खडा लागतो, तिथे ब्रोकनच हवं. मग सेंडलाही तिसऱ्या रूपात ढकलायचं. लेंडचं लेंट, स्पेंडचं स्पेंट. "म्हणजे मेंडचं मेंट?" मी उत्साहाने विचारलं. "मेंडेड," मॅडम म्हणाल्या, आणि बारा वर्षांत त्यांनी शिकवण्या का सोडल्या असाव्यात याचा मला अंदाज आला.

मी दुरुस्ती केली : "द फाइल इज बीन सेंट."

"अहो, इज कुठून आलं?"

कुठून म्हणजे? 'पाठवली आहे' मधल्या 'आहे'तून! आहे म्हणजे इज, हे आम्ही पाचवीत पाठ केलेलं. पण बीनला म्हणे हॅज, हॅव किंवा हॅडचाच खांदा लागतो. इजला जोडी हवी बीइंगची, आणि "इज बीइंग सेंट" म्हटलं की फाइल अजून पाठवली जातेय असा अर्थ होतो. त्या घटकेला मला हाच अर्थ सगळ्यात जवळचा वाटला.

मग टुमॉरो. बायच्या पुढे माणूस आला तर 'कडून', वेळ आली तर 'पर्यंत'. पण मागे वॉज असल्यामुळे काम होऊन गेलेलं, म्हणजे उद्यापर्यंतचा अर्थ बसेना. मग उरलं काय, तर टुमॉरो नावाच्या कुणा गृहस्थांकडून कागद सादर झाले होते. शिवाय डॉक्युमेंट्स अनेक, तेव्हा वॉजसुद्धा चूक, वेअर हवं होतं. आणि वेअरही चूकच, कारण काम व्हायचंय : विल बी सबमिटेड.

इथे मात्र मी भांडलो. आपल्याकडे माणूस अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत फोनवर "निघालो!" म्हणतो. न निघता. चहावाला आधण ठेवायच्या आधी "आणला साहेब" म्हणतो. जे लवकरच व्हायचंय ते आपण झालं म्हणूनच सांगतो, समोरच्याला तेवढाच धीर. माझं वॉज त्याच घराण्यातलं.

"त्या गिऱ्हाइकाला हे घराणं माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

शेवटी सव्वासातला निर्दोष मेल गेला : "द फाइल हॅज बीन सेंट. द रिमेनिंग डॉक्युमेंट्स विल बी सबमिटेड बाय टुमॉरो." मॅडमनी मान हलवली. मी पिशवी पुन्हा खांद्याला लावली.

उत्तर आलं : "द ग्रामर हॅज बीन रिसीव्ह्ड. द फाइल हॅज नॉट."

दोन्ही मेलना जोडपत्र नव्हतं. तेवढ्यात साहेबांचा फोन. "अरे, फाइल पाठवलीस का?"

मी खांद्याने फोन धरला, फोल्डर शोधायला लागलो आणि शुद्ध मराठीत म्हणालो, "पाठवलीच, साहेब!"