बादली, शेततळं आणि सरासरीची फसवी युक्ती

दहावीच्या गटांमधून फिरणारा संदेश असा आहे: "शंकुछेदाचं लांबलचक सूत्र पाठ करू नका! दोन्ही त्रिज्यांची सरासरी काढा आणि वृत्तचितीच्या सूत्रात टाका. नाहीतर दोन्ही तोंडांच्या क्षेत्रफळांची सरासरी गुणिले उंची करा, उत्तर तेच येतं. उंचीऐवजी तिरकस उंची घेतली तरी फारसं बिघडत नाही. पिरॅमिड असो की शेततळं, हीच युक्ती सगळीकडे चालते."

त्रिज्यांची सरासरी

एक बादली घेऊ. टोक कापलेला शंकू म्हणजे शंकुछेद, आणि बादली तशीच असते. वरच्या तोंडाची त्रिज्या १४ सेमी, तळाची ७ सेमी, उंची ३० सेमी. शंकुछेदाचं सूत्र न वापरता, नुसत्या शंकूच्या सूत्रावर हिचं घनफळ काढता येतं, म्हणून आधी तेच करू.

बादलीच्या बाजू खाली वाढवत नेल्या की त्या एका टोकाला मिळतात. ३० सेमी खाली येताना त्रिज्या १४ वरून ७ झाली, म्हणजे आणखी ३० सेमी खाली गेल्यावर ती शून्य होईल. हा झाला ६० सेमी उंचीचा अख्खा शंकू. त्याचं घनफळ १/३ × २२/७ × १४ × १४ × ६० = १२३२० घनसेमी. बादलीच्या तळाखालचा छोटा शंकू ७ सेमी त्रिज्येचा आणि ३० सेमी उंचीचा, त्याचं घनफळ १५४० घनसेमी. मोठ्यातून छोटा वजा केला की उरते बादली: १०७८० घनसेमी, म्हणजे १०.७८ लिटर.

पाठ्यपुस्तकातलं सूत्र हेच सांगतं. R मोठी त्रिज्या, r लहान त्रिज्या, h उंची:

V = πh(R² + Rr + r²) / ३

कंसात १९६ + ९८ + ४९ = ३४३ येतात. २२/७ × ३० × ३४३ / ३ केलं की पुन्हा १०७८०.

आता सरासरी त्रिज्या घेऊ, १०.५ सेमी. २२/७ × ११०.२५ × ३० = १०३९५. पाणी ३८५ घनसेमी कमी भरलं. हा आकडेमोडीतला बारीकसारीक फरक नाही, ही पद्धतीतलीच खोट आहे. उंचीबरोबर त्रिज्या एकसारखी वाढते हे खरं, पण घनफळ ठरतं ते प्रत्येक थराच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. वरच्या भागात जे जास्त मिळतं, ते खालच्या भागात कमी पडणाऱ्यापेक्षा नेहमीच मोठं असतं. त्यामुळे ही युक्ती प्रत्येक वेळी कमीच उत्तर देते. किती कमी, तेही नेमकं सांगता येतं: πh(R − r)² / १२. दोन त्रिज्या जवळजवळ सारख्या असतील तर चूक दिसतही नाही, आणि संदेश इतका फिरतो तो त्यामुळेच. पण तळाची त्रिज्या शून्य करून बघा. बादलीचा शंकू होतो, सरासरी त्रिज्या R/२, आणि घनफळ येतं πR²h/४. शंकूचं खरं घनफळ πR²h/३ हे तर पाठ असतंच. थेट चौथा हिस्सा गायब.

क्षेत्रफळांची सरासरी, आणि "उत्तर तेच"

उत्तर तेच येत नाही. त्याच बादलीत (१९६ + ४९)/२ = १२२.५, आणि २२/७ × १२२.५ × ३० = ११५५०. म्हणजे ७७० घनसेमी जास्त. पहिल्या युक्तीने १०३९५, दुसरीने ११५५०, आणि खरं उत्तर १०७८०. दोन्ही युक्त्या एकाच संदेशात "एकच" म्हणून दिल्या आहेत, आणि ७ सेमीच्या फरकावर त्यांच्यात एक लिटरहून जास्त तफावत आहे.

इथे एक सुंदर गोष्ट दडली आहे. पहिली चूक ३८५ ने कमी, दुसरी ७७० ने जास्त, बरोबर दुप्पट. हा योगायोग नाही. बाजू सरळ असलेल्या कुठल्याही शंकुछेदात हेच प्रमाण येतं. म्हणून खरं उत्तर दोन्हींच्या मध्ये असतं, पण निम्म्यावर नाही, तर लहान आकड्यापासून एक तृतीयांश अंतरावर. तपासून पाहा: ११५५० − १०३९५ = ११५५, त्याचा तिसरा हिस्सा ३८५, आणि १०३९५ + ३८५ = १०७८०.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात खड्ड्यांच्या घनफळासाठी हाच नियम दिला आहे. बाजूंच्या सरासरीने येणारं ते 'व्यावहारिक' फळ, क्षेत्रफळांच्या सरासरीने येणारं ते 'औत्र'. दोन्हींतल्या फरकाचा तिसरा हिस्सा व्यावहारिकात मिळवला की 'सूक्ष्म', म्हणजे अचूक फळ. आजच्या संदेशातल्या दोन्ही युक्त्या त्याला ठाऊक होत्या. त्या अपुऱ्या आहेत हे ओळखून त्याने तिसरी पायरीही सांगितली, आणि संदेशात नेमकी तीच गळाली आहे. ज्यांना सूत्र खरंच लक्षात राहत नाही त्यांनी ही तिसरी पायरी धरून ठेवावी, उत्तर अचूक येतं.

सूत्र लिहिताना सर्वांत जास्त घसरतो तो मधला Rr. कोणी तो गाळतं, कोणी २Rr लिहितं, कोणी त्याला वजा चिन्ह लावतं. यावर दहा सेकंदांची तपासणी आहे: R आणि r सारखे माना. शंकुछेदाची वृत्तचिती होते, म्हणून कंसात ३R² यायलाच हवं, तरच खालच्या ३ ने भाग जाऊन πR²h उरेल. Rr गाळला तर २R² येतात, वजा केला तर R², दुप्पट केला तर ४R². तिन्ही चुका जागच्या जागी पकडल्या जातात.

तिरकस उंची

घनफळ म्हणजे आडव्या थरांची चळत. थराची जाडी उभीच मोजायची. बाजूच्या उताराने मोजली तर प्रत्येक थर खोटाच जाड होतो. आपल्या बादलीत तिरकस उंची √(३०² + ७²), म्हणजे सुमारे ३०.८ सेमी. ती घातली तर पावणेतीन टक्के जास्त उत्तर येतं, आणि बादली उभट असल्यामुळे इतक्यावर निभावतं. बाजू ४५ अंशांत पसरलेल्या असतील तर तिरकस उंची लंब उंचीच्या १.४१ पट, म्हणजे उत्तर ४१ टक्के जास्त!

प्रश्नात तिरकस उंची l दिली असेल तर आधी h = √(l² − (R − r)²) काढावी. इथली नेहमीची चूक म्हणजे l² मधून R² वजा करणं. अख्ख्या शंकूत ते बरोबर असतं, आणि हात त्याच सवयीने चालतो. शंकुछेदात काटकोन त्रिकोणाचा पाया दोन त्रिज्यांतला फरक असतो. उभा छेद काढून, तळाच्या टोकातून वर लंब टाकला की तो डोळ्यांना दिसतो. वक्रपृष्ठफळाच्या सूत्रात, πl(R + r) मध्ये, मात्र बेरीज आहे आणि तिथे l च लागते. दोन्ही सूत्रं शेजारी शेजारी पाठ केली की बेरीज-वजाबाकीची अदलाबदल होते, म्हणून आकृती काढल्याशिवाय l ला हात लावू नये.

पिरॅमिड आणि शेततळं

शेततळ्याचं ३० × ३० × ३ मीटर हे माप गावोगावी ओळखीचं आहे. काठाचा उतार एकास एक धरला तर ३ मीटर खोलीला प्रत्येक बाजूने ३ मीटर आत येतो, म्हणून तळ २४ × २४ मीटर. हा उलटा ठेवलेला, टोक कापलेला पिरॅमिड. घनफळाचं सूत्र शंकुछेदाचंच, फक्त π नाही आणि त्रिज्यांच्या जागी बाजू: ३/३ × (९०० + ७२० + ५७६) = २१९६ घनमीटर.

बाजूंच्या सरासरीने २७ × २७ × ३ = २१८७, म्हणजे ९ कमी. क्षेत्रफळांच्या सरासरीने २२१४, म्हणजे १८ जास्त. पुन्हा एकास दोन. टक्क्यांत ही चूक लहान आहे, हे मान्य. पण खोदाईचा हिशोब ब्रासवर असेल तर १८ घनमीटर म्हणजे सहा ब्रासहून जास्त माती, जी कोणी खणलेलीच नाही. आणि टेप उताराला लावून "खोली" घेतली तर ३ च्या जागी ४.२४ मीटर येतात आणि घनफळ जातं ३१०० च्या वर. कोपऱ्याच्या कडेने टेप सोडला तर तो ५.२ मीटर दाखवतो. पिरॅमिडमध्ये तिरक्या लांब्या दोन असतात, आणि घनफळात दोन्ही चालत नाहीत.

आता तळं आयताकृती घ्या: वर ४० × २०, खोली ३, उतार तोच. तळ ३४ × १४. इथे पुष्कळ जाणकारही फसतात. ते h/३ × (A₁ + A₂ + √(A₁A₂)) वापरतात आणि ८०० + ४७६ + ६१७.१, म्हणजे सुमारे १८९३ घनमीटर काढतात. पण ४० चे ३४ आणि २० चे १४ ही प्रमाणं सारखी नाहीत. कडा खाली वाढवल्या तर त्या एका बिंदूत मिळत नाहीत, घराच्या आढ्यासारख्या एका रेषेवर मिळतात. म्हणजे हा कापलेला पिरॅमिड नव्हेच, आणि वर्गमुळाचं सूत्र इथे लागू नाही.

यासाठी भास्कराचार्यांच्या लीलावतीतला खातव्यवहाराचा, म्हणजे खड्ड्यांच्या हिशोबाचा, नियम घ्यावा: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि तोंड-तळाच्या लांबी-रुंदींच्या बेरजांचं क्षेत्रफळ, तिन्ही मिळवून ६ ने भागायचं आणि खोलीने गुणायचं. ८०० + ४७६ + (७४ × ३४ = २५१६) = ३७९२, भागिले ६ = ६३२, गुणिले ३ = १८९६ घनमीटर. हे अचूक आहे, आणि चौरस तळ्यालाही तेच चालतं: ९०० + ५७६ + ५४ × ५४ = ४३९२, सहावा हिस्सा ७३२, गुणिले ३ = २१९६.