मावशीच्या शटरांवरचे पांढरे गोल

«मॉड्युलर किचनची चिकट शटरं पाच मिनिटांत नव्यासारखी! खायचा सोडा आणि व्हिनेगर समप्रमाणात मिसळा, फसफसलं की हिरव्या घासणीने गोल गोल घासा. हँडललाही हेच. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवा. सर्वांना पाठवा.»

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीने या मेसेजमधलं सगळं मनोभावे केलं. शेगडीशेजारच्या दोन मरून, चकचकीत शटरांवर आता संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पांढुरके गोल दिसतात. म्हणून हा वैताग.

आधी ते फसफसणं. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना खाऊन टाकतात. वायू उडून जातो, मागे राहतं खारट पाणी. तळणाच्या वाफेतलं तेल शटरवर बसून हळूहळू घट्ट, चिकट होतं, ते या पाण्याला दाद देत नाही. सोडा तेलकटपणा कापतो हे अर्धसत्य मला मान्य आहे, पण तो एकटा असताना. व्हिनेगर घालून तुम्ही तोच गुण मारता.

खरा घात घासणीचा. हिरव्या घासणीत घासणारे कठीण कण चिकटवलेलेच असतात, त्यात न विरघळलेल्या सोड्याची भर. चकचकीत सनमायक्यावर बारीक ओरखडे उमटतात आणि तीच जागा निस्तेज दिसते. मॅटवर उलटं, घासलेला भाग चमकू लागतो. ॲक्रिलिकचं शटर तर याहून नाजूक. फॉर्मायकासारख्या लॅमिनेट बनवणाऱ्यांच्या सूचनाही हेच सांगतात: सौम्य साबण, पाणी, मऊ कापड वापरा; खरखरीत पावडर, तारेची घासणी, आम्ल नको. मावशीचे गोल सोड्याचा थर आहेत की ओरखडे, ते पाहायला मी स्वच्छ ओल्या कापडाने दोनदा पुसून कोरडं केलं. थर असता तर गेला असता. ते तसेच राहिले. ओरखडेच, म्हणजे कायमचे.

खोबरेल? ज्या तेलासाठी एवढा खटाटोप, तेच पुन्हा लावायचं आणि त्यावर धूळ बसवायची.

उरलेल्या शटरांना आम्ही असं केलं. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चहाचा चमचा. आधी शटरच्या आतल्या बाजूला करून पाहिलं. मग मायक्रोफायबरचं कापड घट्ट पिळून चिकट जागेवर चार-पाच मिनिटं नुसतं टेकवून ठेवलं. चिकटा मऊ पडला की कापड सरळ ओढत पुसायचं, जोर नाही. जिथे जुनं पिवळट झालं होतं तिथे तीनदा करावं लागलं. मग साध्या पाण्याचं कापड, आणि लगेच कोरडं. कडेच्या पट्टीशी पाणी थांबू द्यायचं नाही, आतला बोर्ड फुगला की परत बसत नाही.

हँडलला व्हिनेगर नकोच, सोनेरी मुलामा काळवंडू शकतो. आतून स्क्रू सैल करून हँडल काढलं तर त्यामागे काय साठलंय ते दिसतं. तेच साबणपाणी आणि जुना मऊ टूथब्रश पुरला.

मावशी म्हणाली, «अगं, पण मी तो मेसेज पुढे पाठवला ना!» मग समोरच्या शाहबेनना तिनेच फोन लावला.