चिठ्ठ्या सामन्यांच्या नको, आकड्यांच्या काढा

गेल्या वर्षी आमच्या गावच्या कबड्डीत तीन सामने झालेच नाहीत. बाजारपेठेतली पोरं मंगळवारी मैदानात येणार कशी, आठवडी बाजार त्यांच्याच दारात! मग फोनाफोनी. तो सामना बुधवारी ढकलला, तर समोरच्या संघाचा बुधवारी आधीच एक सामना होता. तोही ढकलला. शेवटी तिघांना न खेळताच गुण मिळाले आणि भांडणं झाली ती वेगळीच.

माझं म्हणणं, चूक चिठ्ठ्यांत आहे. आपण सामन्यांच्या चिठ्ठ्या काढतो. त्या संघांच्या क्रमांकांच्या काढाव्यात, आणि त्याही अडचणवाल्यांचे क्रमांक ठरल्यावर.

सात संघांच्या साखळीत २१ सामने होतात. मैदान एकच. कबड्डीचा सामना २०-२० मिनिटांचा, मध्ये ५ मिनिटं विश्रांती, म्हणजे तासाला एक धरा. रात्री दहाला भोंगा बंद, म्हणून सातपासून तीन सामने. सात दिवसांत बरोबर बसतात. आणि संघ विषम असल्यामुळे रोज एक जण सुट्टीवर असतोच! ही सुट्टी आपण वाया घालवतो.

जोड्या लावायची युक्ती सोपी आहे. दोन क्रमांकांची बेरीज करा, ७ ने भागा, बाकी सारखी येईल ते सामने एका दिवशी. बाकी १ चा दिवस मंगळवार धरला तर १-७, २-६, ३-५, आणि ४ ला सुट्टी. बाकी ३ चा गुरुवार: १-२, ३-७, ४-६, सुट्टी ५ ला. म्हणून यंदा बाजारपेठेला ४ क्रमांक दिला. वरच्या वाडीची पालखी गुरुवारी, त्यांना ५.

खरी गोची पुढे झाली. शेजारच्या गावचा संघही म्हणाला, मंगळवारी जमणार नाही. एका दिवशी सुट्टी एकालाच, तेव्हा दुसऱ्याचा एक सामना हलवावाच लागतो. प्रश्न एवढाच की कुठे. आम्ही त्यांना ३ दिला, कारण ३ ची सुट्टी रविवारी येते आणि रविवारी पाचलाच सुरुवात करता येते. (बाकी वारी माणसं शेतातून परतायलाच साडेसहा होतात.)

मंगळवारचा ३-५ मग रविवारी गेला. ३ त्या दिवशी मोकळा, पण ५ ला दोनदा खेळावं लागतं. म्हणून रविवारचा क्रम असा: १-५, २-४, ६-७, आणि शेवटी ३-५. मध्ये दोन सामने, म्हणजे वरच्या वाडीला दोन तासांहून जास्त दम खायला मिळतो. मंगळवारी दोनच सामने उरले.

वरच्या वाडीचे अण्णा तरी कुरकुरले, "आमच्याच पोरांना दोनदा का?" मी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, हा सामना दुसरीकडे बसवून दाखवा. अर्धा तास पेन्सिल चालवली त्यांनी. मग म्हणाले, "बरं, पण आमचा पहिला सामना पाचच्या ठोक्याला सुरू व्हायला हवा."