दोन वाट्या खिचडीत डाळ असते किती?

म्हाताऱ्या आईबाबांच्या जेवणाबद्दल एक फॉरवर्ड फिरतो: "आईबाबांना दुपारी दोन वाट्या मऊ खिचडी, वाटीभर दही आणि उकडलेली भाजी द्या. डाळ-तांदूळ मिळून पूर्ण प्रथिन होतं, पोट भरतं. आणि म्हातारपणी प्रथिनं कमीच लागतात, जास्त दिली तर किडनीवर ताण येतो."

वाट्या मोजण्याआधी कोरडं धान्य मोजावं. म्हाताऱ्या माणसासाठी सैल शिजवलेल्या दोन वाट्यांत, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम खिचडीत, बहुतेक घरी ३० ग्रॅम तांदूळ आणि १० ग्रॅम मूगडाळ असते. बाकी पाणी. अर्धा चमचा तूप धरून हे झाले सुमारे १६० कॅलरी आणि पावणेपाच ग्रॅम प्रथिनं. १०० ग्रॅम दह्याचे ६० कॅलरी, सव्वातीन ग्रॅम. दुधी-गाजराची १०० ग्रॅम उकडलेली भाजी पंचवीसेक कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम. सगळं ताट चाटूनपुसून खाल्लं तरी २४५ कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं. पोट भरतं ते खरं, पण पाण्यानं.

त्यातही वाढताना एक गोष्ट घडते. सैल खिचडी दहा मिनिटं ठेवली की डाळ-तांदूळ तळाशी बसतात आणि डाव वरून घातला जातो. किंवा खिचडी घट्ट झाली म्हणून पेलाभर गरम पाणी ओतलं जातं. वाटी तीच, ऐवज आणखी कमी.

"पूर्ण प्रथिन" हा शब्द इथे फसवतो. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी तांदळात लायसिन कमी असतं आणि डाळीत मेथिओनिन. दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात, एवढाच त्याचा अर्थ. ते दर्जाबद्दल झालं. दर्जा चांगला म्हणून पाच ग्रॅमचे वीस होत नाहीत.

म्हातारपणी प्रथिनं कमी लागतात हे तर उलटंच आहे. वयाबरोबर स्नायू अन्नातल्या प्रथिनांना कमी दाद देतात, म्हणून ज्येष्ठांच्या पोषणावर काम करणारे तज्ज्ञ वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. आईचं वजन ५० किलो असेल तर दिवसाला ५० ते ६० ग्रॅम, आणि अंदाजे १५०० कॅलरी. मुख्य जेवणाच्या वाट्याला साधारण २० ग्रॅम आणि ४५०-५०० कॅलरी यायला हव्यात.

किडनीचं म्हणणं अर्धं खरं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किडनीचा जुना आजार असेल, तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. डायलिसिस सुरू असेल तर उलट गरज वाढते. पण किडनी ठीक असलेल्या माणसाला फॉरवर्ड वाचून डाळ कमी करण्याचं कारण नाही.

ताट न वाढवता ऐवज असा वाढतो. ३० ग्रॅम तांदळाला ३० ग्रॅम मूगडाळ घ्यावी, डाळ तासभर भिजवावी, ३०० मिलिलिटर पाण्यात कुकरला मऊ शिजवून रवीनं घोटावी आणि वर दोन चमचे तूप घालावं. ही झाली जवळजवळ ३०० कॅलरी आणि साडेनऊ ग्रॅम. दह्याऐवजी चक्का: २५० ग्रॅम दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगलं की शंभरेक ग्रॅम उरतो. थोडी प्रथिनं पाण्याबरोबर निथळतात, तरी सातेक ग्रॅम आणि ११० कॅलरी हाती लागतात. भाजी निम्मी करून त्यात ३० ग्रॅम पनीर मिक्सरमधून एकजीव करावं, ते साडेपाच ग्रॅम. पनीर नुसतं कुस्करून घातलं तर कोरडे कण दातांच्या कवळीखाली अडकतात आणि घास तोंडातच फिरत राहतो. अंडं चालत असेल तर एक मऊ उकडलेलं अंडं तेवढंच काम करतं. एकूण बेरीज पाचशे कॅलरी आणि बावीसेक ग्रॅम. घास मात्र जवळजवळ तेवढेच.

पाणी वेगळं सुटलेली खिचडी गिळायलाही अवघड असते: पातळ आणि घट्ट एकदम तोंडात येतं. जेवताना खोकला येत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता होत असेल, तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी, मग पाककृती.

डाळ एकदम तिप्पट केली की गॅस होतो आणि "सोसत नाही" म्हणून सगळं जुन्या वाटेवर जातं. पहिला आठवडा ३० तांदळाला १५ डाळ, मग २०, मग ३०, सोबत हिंग-जिऱ्याची फोडणी. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहावं. प्रयत्नाशिवाय सहा महिन्यांत ५० किलोचे साडेसत्तेचाळीस झाले, तर खिचडीची वाटी बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवावं लागेल.