तिसऱ्या टेकला गेलेलं सिम

ठाणे स्टेशनवर फोन मारला गेला तो अकाउंट्समधल्या काकांचा, आणि शिक्षा झाली मला.

संध्याकाळची वेळ, ट्रान्स-हार्बरची खचाखच भरलेली लोकल, नऊ-दहा नंबरचा फलाट. काका जिना चढून वर येईपर्यंत खिसा हलका झालेला. तरी पहिला तासभर काका निवांत होते. "अरे, फिंगरप्रिंट लॉक आहे. माझं बोट आहे का त्याच्याकडे?" असं त्यांनी बायकोच्या फोनवरून आम्हालाच उलट विचारलं.

चोराला काकांच्या बोटात काडीचाही रस नव्हता. त्याने टाचणी खुपसून ट्रे काढला, सिम दुसऱ्या फोनात घातलं, आणि काकांचा नंबर त्याच्या हातात आला. फोनचं लॉक फोनला असतं, सिमला नसतं. पुढचं काम काकांनी स्वतःच सोपं करून ठेवलं होतं. फोनला पाकिटासारखं उघडणारं कव्हर, आणि कव्हरच्या कप्प्यात डेबिट कार्ड. दुसऱ्या फोनवर यूपीआय सुरू करायला आपल्या नंबरवरून एक एसेमेस जावा लागतो. तो गेला. यूपीआयचा पिन नव्याने ठरवायला कार्डाचे शेवटचे ६ आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका एटीएमचा पिनही मागतात, काकांची मागत नव्हती. आकडे कार्डावर, ओटीपी सिमवर, आणि दोन्ही चोराकडे. काकांनी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावेपर्यंत अठरा हजार गेले होते.

सोमवारी एचआरच्या मॅडमनी मीटिंग घेतली. ऑफिसच्या ग्रुपवर दर शुक्रवारी फोन आणि पासवर्ड सांभाळण्याचा एक छोटा व्हिडिओ टाकायचा असं ठरलं. त्यात बोलणार कोण, तर मी. पात्रता काय, तर मागच्या गणपतीत माइक माझ्या हातात होता. दिग्दर्शनाला आमच्याकडे शिकायला आलेली ऐरोलीची एक मुलगी. वय एकवीस, गळ्यात हेडफोन, आणि मला "सर" म्हणताना चेहऱ्यावर किंचित कीव.

पहिल्या व्हिडिओत मी साठ सेकंदांत सात सवयी कोंबल्या. पासवर्ड लांब ठेवा, दोन ठिकाणी एकच ठेवू नका, ओटीपी सांगू नका, असं सगळं मी एका दमात म्हणून टाकलं. शनिवारी मॅडमनी पाच जणांना विचारलं, काय लक्षात राहिलं? चौघांना काही नाही. काका म्हणाले, "तुझी कॉलर डावीकडून दुमडली होती."

तेव्हा नियम झाला: एका व्हिडिओत एकच सवय, पंचेचाळीस सेकंद. सवय अशी हवी की बघणाऱ्याला व्हिडिओ संपताच हातातल्या फोनवर ती करता यावी. "सावध राहा" ही सवय नव्हे, कारण सावध राहण्याचं बटण फोनमध्ये कुठेच नाही. मला हा नियम पटला. पुढे त्याच नियमाने माझा घात केला, पण ते नंतर.

काकांची जखम ताजी होती म्हणून पुढचा विषय ठरला सिमचा पिन. तो चार ते आठ आकडी असतो आणि फोनात नव्हे, सिममधल्या चिपवर राहतो. एकदा चालू केला की सिम कुठल्याही फोनात घाला किंवा फोन बंद करून चालू करा, पिन मागतो. पिन दिल्याशिवाय नेटवर्क नाही, एसेमेस नाही, ओटीपी नाही. काकांनी तो चालू ठेवला असता तर चोराच्या हातात प्लॅस्टिकची नखभर चकती उरली असती.

कृती दोन ओळींची. Settings उघडायचं, वरच्या शोधायच्या चौकटीत SIM टाइप करायचं, `SIM lock` किंवा `SIM PIN` दिसेल ते चालू करायचं. मी ठरवलं, कॅमेऱ्यासमोर माझ्याच फोनवर करून दाखवू.

टेक पहिला. कॅन्टीनच्या मागची भिंत, कॉलर नीट. "आणि इथे तुमच्या मनातला चार आकडी पिन टाका," असं हसतमुखाने म्हणत मी मनातला पिन टाकला. तेवढ्यात डब्यांची गाडी मागे येऊ लागली आणि तिचं पीं-पीं सुरू झालं. "कट! सर, आवाज आला. परत."

स्क्रीनवर काहीतरी लाल ओळ आली होती. दोन संधी उरल्या वगैरे. मला वाटलं, बोट घसरलं असेल.

टेक दुसरा. तोच पिन, सावकाश. या वेळी मी "सिम" ऐवजी "स्किम" म्हणालो. "कट!"

टेक तिसरा. म्हणणं स्वच्छ, हसू योग्य, गाडी गेलेली. पिन टाकला, कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "झालं! तुमचं सिम आता सुरक्षित!" आणि फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या काड्या एकदम नाहीशा झाल्या. खाली पाटी आली: `Enter PUK`.

सिम खरोखरच सुरक्षित झालं होतं, माझ्यापासूनसुद्धा.

पोरीने फोन हातात घेऊन वाचलं. "सर, हा नवा पिन मागत नव्हता. जुना मागत होता."

"जुना कुठला? मी कधी ठेवलाच नाही!"

"तुम्ही नाही, सिमच्या कंपनीने ठेवलेला असतो. सिमबरोबरच येतो. तो आधी टाकायचा, मग लॉक चालू होतं, मग `Change SIM PIN` मध्ये जाऊन आपला ठेवायचा."

खरी मेख इथे आहे, आणि ती सांगायला स्क्रीनवर कोणी नसतं. कंपनीचा पिन बहुधा 0000 किंवा 1234 असा सरळसोट असतो, पण कंपनीगणिक वेगळा. अंदाजाने ठोकायचा नाही, आधी कस्टमर केअरला विचारायचा. तीन चुका झाल्या की सिम बंद. आणि चुका मोजतं सिम स्वतः, त्यामुळे फोन बंद-चालू करून किंवा सिम दुसऱ्या फोनात घालून मोजणी विसरली जात नाही. मी दोन्ही करून पाहिलं.

आता हवा होता पीयूके, सिम उघडण्याचा आठ आकडी नंबर. तो सिमच्या मूळ कार्डावर छापलेला असू शकतो, ज्या कार्डातून सिम आपण तोडून काढतो आणि कार्ड "लागेल कधीतरी" म्हणून ठेवून देतो. पोरीच्या फोनवरून घरी फोन लावला.

"अहो, कोणाचा नंबर हा?"

"ते सोड. टीव्हीखालचा खण उघड. सिमचं कार्ड असेल."

नौपाड्यातला आमचा तो खण म्हणजे उत्खननाचा विषय आहे. कुकरच्या दोन जुन्या रिंगा निघाल्या, दिवाळीच्या माळेचे बल्ब निघाले, चार फोनांपूर्वीच्या फोनचा चार्जर निघाला. शेवटी कार्ड निघालं. "मोठा नंबर आहे, सांगू?" मी म्हटलं, पहिले आठ आकडे सांग. तिने सांगितले, मी टाकले. चूक. नऊ संधी उरल्या.

"८९९१ने सुरू होतो का तो?" पोरीने विचारलं. होत होता. तो सिमचा अनुक्रमांक निघाला. त्यातला ८९ म्हणजे टेलिफोन आणि ९१ म्हणजे भारत. देशातल्या यच्चयावत सिमांची सुरुवात अशीच, आणि मी ती किल्ली म्हणून फिरवली होती. कार्डावर खाली बारीक अक्षरात PUK लिहिलेला वेगळा नंबर होता. तो टाकला. तोही चूक, आठ उरल्या. कारण ते कार्ड बायकोच्या सिमचं होतं.

तिसऱ्यांदा माझे हात शिवशिवत असताना पोरीने फोन ओढून घेतला. "सर, दहा चुका झाल्या की सिम मेलं. मग दुकानात आधार घेऊन नवं सिम, आणि नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसेमेस बंद." हे तिचं खरंच आहे. दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून पैसे लांबवणाऱ्यांसाठी केलेला तो नियम. पण चोवीस तास ओटीपी नाही म्हणजे नोकरदार माणसाने चोवीस तास वल्कलं नेसून बसावं.

कस्टमर केअर. यंत्रातली बाई म्हणाली, खात्रीसाठी आपल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. माझ्याच, बंद पडलेल्या नंबरवर. मी तिला मराठीत काही सांगितलं, ते ती समजली नाही हे बरंच झालं. वीस मिनिटांनी खरा माणूस आला. जन्मतारीख, पत्ता आणि शेवटचं रिचार्ज कितीचं केलं ते विचारून त्याने आठ आकडे सांगितले. पोरीने ते कागदावर लिहून दोनदा परत म्हणून दाखवले, मग टाकले. सिमने नवा पिन मागितला. या वेळी खरोखर माझ्या मनातला. काड्या उगवल्या आणि बायकोचे नऊ मेसेज एकदम आले. शेवटचा होता, "फेकू का हे सगळं?"

व्हिडिओ मग चौथ्या टेकला झाला. वाद एकच राहिला. मी म्हणत होतो, कंपनीचा पिन आधी विचारून घ्या हे त्यात सांगायलाच हवं. मॅडम म्हणत होत्या, त्या दोन सवयी झाल्या. शेवटी पोरीने तोडगा काढला. लॉक चालू करणं हा शेवट, आणि कस्टमर केअरला फोन लावणं ही सुरुवात, म्हणजे ती एकच सवय. सत्तेचाळीस सेकंद झाले. दोन सेकंदांची सूट मंजूर झाली.

या लॉकचा त्रास किती, म्हणाल तर थोडा. एका रात्री फोन स्वतःच अपडेट होऊन बंद-चालू झाला आणि पिनची वाट बघत बसला. सकाळी गजर वेळेवर वाजला, पण साडेनऊपर्यंत एकही फोन आला नाही म्हणून मी खुशीत होतो. तिकडे साहेब मला नॉट रिचेबल म्हणून मोजत होते. आणि हे लॉक सगळ्यावरचं औषधही नाही. कोणी तुमच्या नावाने नवंच सिम काढलं तर त्या सिमला तुमचा पिन नसतो. चालू, उघडा फोन हातातून हिसकावला तर सिम आधीच जागं असतं. हे काही मी व्हिडिओत म्हणालो नाही. सेकंदच नव्हते.

व्हिडिओ शुक्रवारी गेला. सोमवारी लोकलमध्ये काका भेटले. चेहरा फुललेला. कस्टमर केअरला विचारून, एकही चूक न करता, त्यांनी नव्या फोनात सिमला पिन लावला होता. "बघ," म्हणत त्यांनी फोन काढला. फोनला पाकिटासारखं उघडणारं नवं कव्हर. त्यांनी ते उघडलं. कप्प्यात नवं डेबिट कार्ड होतं, आणि कार्डाच्या मागून घडी घातलेली एक चिठ्ठी डोकावत होती. वरती काकांच्या ठसठशीत, लेजरमधल्या अक्षरात लिहिलेलं: सिम पिन.

"काका, हे काय? कार्ड परत कव्हरात? आणि वर पिन?"

काकांनी कव्हर शांतपणे मिटलं. "कव्हराचा व्हिडिओ अजून कुठे आलाय? तूच म्हणतोस ना, एका वेळी एकच सवय!"