तिसरी घंटा आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा

सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमाचं प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडलं, की कार्यक्रमाच्या आधीचे चार-आठ दिवस माझी पहाट गडकरी रंगायतनच्या विंगेत उजाडते. खरा कार्यक्रम आमच्या पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पण स्वप्नाला पार्किंग पुरत नाही, ते थेट तलावपाळी गाठतं.

तिसरी घंटा होते, पडदा सरकतो. पहिल्या रांगेत शाळेतल्या गणिताच्या बाई आणि सोसायटीचे चेअरमन मांडीला मांडी लावून बसलेले. तेव्हा कळतं, हे प्रास्ताविक नाहीच, संगीत नाटक आहे आणि पद माझंच आहे! तालमीला कुणी बोलावलं नव्हतं. पेटीवाल्याने सूर धरलाय. माझ्या अंगात वर कोट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. घाईघाईने खिशातून कागद काढतो. ‘सन्माननीय व्यासपीठ’. पुन्हा बघतो, तर ‘मेंटेनन्स थकबाकी’. तिसऱ्यांदा बघतो, तर मोडी लिपी. ओरडावं म्हटलं तर घशातून नुसतं ‘अंऽऽ’. हिच्या मते ते घोरणं.

यातलं बरंचसं शास्त्राला धरून आहे, हे वाचून मला जरा बरं वाटलं. झोपेत साधारण दर दीड तासाने डोळे बुबुळांसकट भिरभिरायला लागतात. शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 साली हे मांडलं. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात आणि तो टप्पा पहाटेकडे लांबत जातो. म्हणूनच माझी फजिती दुधाची पिशवी यायच्या जरा आधी होते. त्या वेळी मेंदूचा पुढचा, शंका काढणारा भाग सुस्तावलेला असतो. त्यामुळे ‘अहो, याला गाता कुठे येतं?’ असं विचारणारं आत कुणीच जागं नसतं. हातापायांचे स्नायूही जवळजवळ लुळे, नाहीतर मी पलंगावरूनच एक्झिट घेतली असती. आणि कागदावर मुळात काही छापलेलंच नसतं, मेंदू दर नजरेला मजकूर नव्याने रचतो. माझा मेंदू थकबाकीकडे का वळतो, ते खजिनदारांना विचारा.

फ्रॉइडसाहेबांचं निरीक्षण मात्र भारी आहे. त्यांच्या स्वप्नात वनस्पतिशास्त्राची, रसायनाची परीक्षा यायची, म्हणजे ज्यात ते पास झाले होते ती. न्यायवैद्यकात ते नापास झाले होते, तो विषय कधी स्वप्नात आला नाही. म्हणजे स्वप्नात बोंब उडते ती आधी निभावलेल्याच गोष्टीची!

हे मी मोठ्या उत्साहाने हिला सांगितलं. “प्रास्ताविकाचं स्वप्न पडतंय, म्हणजे काळजी नाही!”

चहा गाळता गाळता ही म्हणाली, “आणि आभारप्रदर्शनाचं पडतं का हो कधी?”

कधीच नाही.

“मग या खेपेला मांडववाल्याचं नाव हातावर लिहून घ्या.”